रोइंग: स्ट्रोकचा दर, स्ट्रोकमागचे अंतर आणि बोटीचा वेग

२४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चौघांनी क्वाड्रपल स्कल्स या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या बोटीत स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग होते. यांतला दत्तू नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी, त्यामुळे पाण्याशी त्याचा संबंध आला तो विहिरी खोदण्याच्या कामात. लष्करात बॉम्बे इंजिनियर ग्रुपमध्ये दाखल झाल्यावर तो पुण्यात वल्हे मारायला शिकला. अंतिम शर्यतीत २००० मीटरसाठी भारताची वेळ ६ मिनिटे १७.१३ सेकंद होती आणि दुसऱ्या आलेल्या इंडोनेशियाची ६ मिनिटे २०.५८ सेकंद.

म्हणजे फरक ३.४५ सेकंदांचा. सहा मिनिटांहून अधिक चाललेल्या शर्यतीत हा फरक नेमका कुठून आला असेल? या टिपणात आपण हाच प्रश्न सोडवायला घेऊ. त्यासाठी फार गणित लागत नाही, पण एका जागी सर्वसाधारण समज चुकते. ती जागा नीट पाहून घ्या.

मूळ सूत्र

एक स्ट्रोक म्हणजे एक पूर्ण आवर्तन: पाते पाण्यात बुडते (कॅच), वल्हे ओढले जाते (ड्राइव्ह), पाते बाहेर येते आणि वल्हेकरी सरकत्या बैठकीवरून पुन्हा पुढे येतो (रिकव्हरी). एका मिनिटात अशी r आवर्तने झाली आणि प्रत्येक आवर्तनात बोट d मीटर पुढे गेली, तर मीटर प्रति सेकंद या एककात वेग असा येतो:

v = (r × d) / ६०

d म्हणजे पात्याने पाण्यात कापलेले अंतर नव्हे. पाते पाण्यात जवळजवळ रुतून राहते आणि बोट त्याच्या आधाराने पुढे ढकलली जाते. एका कॅचपासून पुढच्या कॅचपर्यंत बोटीने कापलेले सगळे अंतर d मध्ये येते, रिकव्हरीत पाते हवेत असताना बोट जे घसरत जाते तेसुद्धा. दर २० असेल तर एक आवर्तन ३ सेकंदांचे होते आणि त्यातला मोठा भाग रिकव्हरीचा असतो. दर ३६ झाला की आवर्तन १.६७ सेकंदांवर येते. ड्राइव्हचा वेळ थोडाच कमी होतो, काटछाट मुख्यतः रिकव्हरीत होते.

आता पालेमबांगच्या आकड्यांकडे वळू. भारताचा सरासरी वेग २००० / ३७७.१३ = ५.३०३ मी./से., तर इंडोनेशियाचा २००० / ३८०.५८ = ५.२५५ मी./से. फरक सुमारे ०.९ टक्के. दोन्ही बोटींचा दर मिनिटाला ३६ होता असे समजा. (हे गृहीतक आहे, उदाहरणापुरते.) मग भारताचा d ८.८४ मीटर येतो आणि इंडोनेशियाचा ८.७६ मीटर. दर स्ट्रोकला आठ सेंटिमीटर, जेमतेम हाताच्या पंजाच्या रुंदीएवढे. तेवढेच सव्वादोनशे वेळा साठत गेले आणि शेवटी सुमारे १८ मीटरचे अंतर झाले.

हेच उलट बाजूने मांडता येते. d दोघांचा ८.८४ मीटरच होता असे धरले, तर इंडोनेशियाचा दर ३५.६७ निघतो. मग फरक दर मिनिटाला एक तृतीयांश स्ट्रोकचा ठरतो. यावरून विद्यार्थी लगेच म्हणतात, ‘मग मागच्या बोटीने दर एक तृतीयांशाने वाढवला असता तर बरोबरी झाली असती.’ मी सांगितलेली चुकीची जागा ती हीच.

दर वाढवला तर d तेवढाच राहतो का?

राहत नाही. सूत्रात r आणि d शेजारी शेजारी बसलेले दिसतात, म्हणून ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे वाटते. पण बोट पाण्यात चालते आणि पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विरोध c·v² मानला, तर तो सतत पार करण्यासाठी लागणारी शक्ती c·v³ होते. ही शक्ती येते प्रत्येक स्ट्रोकमधल्या उपयुक्त कार्यातून. एका स्ट्रोकमधले उपयुक्त कार्य W धरले, तर मिनिटाला r स्ट्रोक असल्याने शक्ती W·r/६० होते. दोन्ही बाजू समान ठेवल्या की:

c·v³ = W·r / ६०

चमूने प्रत्येक स्ट्रोकमध्ये तेवढाच जोर लावला, म्हणजे W स्थिर ठेवला आणि फक्त दर वाढवला, तर वेग दराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. दर २० वरून ३२ केला, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढवला, तर वेग फक्त १७ टक्क्यांनी वाढेल. उरलेले सगळे d कमी होण्यात जाते, कारण d = ६०v/r. वेग १.१७ पट आणि दर १.६ पट, तेव्हा d ०.७३ पट. चमूने काहीही चूक केली नसताना d २७ टक्क्यांनी घटतो. सरावात दर चढला की ‘स्ट्रोकमागचे अंतर पडले’ म्हणून ओरडणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. अंतर पडायलाच हवे. विचारायचे ते एवढेच, की हिशेबापेक्षा जास्त पडले का?

आता एक तृतीयांश स्ट्रोककडे परत जाऊ. वेग ०.९१ टक्क्यांनी वाढवायला दर त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २.८ टक्क्यांनी वाढवावा लागतो. ३५ च्या आसपास तो जवळपास पूर्ण एक स्ट्रोक होतो. मिनिटाला एक स्ट्रोक जास्त, तोही प्रत्येक स्ट्रोकमधला जोर तसाच ठेवून, आणि हे सहा मिनिटे. शेवटच्या ५०० मीटरमध्ये पाय जड झालेल्या माणसाला हे सांगून पाहा.

घनाचा हा नियम अंदाजी आहे. पाण्याचे घर्षण वेगाच्या वर्गापेक्षा किंचित कमी वेगाने वाढते, हवेचा विरोध वेगळा असतो. शिवाय बोट एका वेगाने चालतच नाही. कॅचच्या सुमारास ती सर्वांत मंद असते आणि रिकव्हरीत सर्वांत वेगवान, कारण तेव्हा वल्हेकऱ्यांची शरीरे मागच्या टोकाकडे सरकतात आणि सांगाडा पुढे ढकलला जातो. असा वरखाली होणारा वेग सम वेगापेक्षा जास्त शक्ती खातो, आणि दर वाढला की हा चढउतार वाढतो. तरीही चमूंची तुलना करायला घनाचा नियम पुरेसा चांगला आहे. मात्र बोट एकाच प्रकारची हवी आणि चमूंचे वजन साधारण सारखे हवे, नाहीतर c बदलतो.

दोन चमूंची तुलना

आता एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवू. बंगळूरच्या हलसूर तलावासारखे जवळपास संथ पाणी, सकाळी वारा नसताना. एकसारख्या दोन चौघांच्या बोटी. चमू ‘अ’ने ५०० मीटर १ मिनिट ५२ सेकंदांत कापले, दर ३४. चमू ‘ब’ने १ मिनिट ५६ सेकंदांत, दर २८. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एकच चमू पाठवायचा आहे. कोणता पाठवाल?

अ चा वेग ५०० / ११२ = ४.४६४ मी./से. आणि d ७.८८ मीटर. ब चा वेग ५०० / ११६ = ४.३१० मी./से. आणि d ९.२४ मीटर.

वर्गात इथे दोन तट पडतात. एक म्हणतो अ, कारण ती बोट पुढे आली. दुसरा म्हणतो ब, कारण तिचा स्ट्रोक लांब आहे, सव्वा मीटरहून जास्त फरक आहे. पण वर पाहिलेच की कमी दराला d जास्तच असतो. म्हणून d ची तुलना थेट करता येत नाही, दराचा परिणाम आधी वजा करावा लागतो. वरच्या समीकरणातून W हा v³/r च्या प्रमाणात आहे हे दिसते. तेव्हा v³/r हा भागाकार घ्या आणि त्याला स्ट्रोकचा निर्देशांक म्हणा.

अ: ४.४६४³ / ३४ = २.६२
ब: ४.३१०³ / २८ = २.८६

ब चा प्रत्येक स्ट्रोक सुमारे ९ टक्के अधिक उपयुक्त कार्य करतो. ब ने हाच जोर ३४ च्या दराला टिकवला, तर वेग ४.३१० × (३४/२८)^(१/३) = ४.६० मी./से. होईल आणि ५०० मीटर १०८.७ सेकंदांत संपतील, अ पेक्षा तीन सेकंदांहून आधी. दुसरा तट खूश होतो. पण ‘टिकवला तर’ हे शब्द अजून तपासायचे आहेत. आपण २८ वरून ३४ चा अंदाज बांधला, ब ने ३४ ला काय केले ते पाहिले नाही.

म्हणून पायऱ्यांची चाचणी घ्यावी लागते. एकाच सकाळी, दोन तुकड्यांमध्ये पुरेशी विश्रांती देऊन, दर वाढवत न्यायचा. ब चे आकडे असे आले समजा:

| दर | वेग (मी./से.) | निर्देशांक v³/r |
|---|---|---|
| २० | ३.८६ | २.८८ |
| २४ | ४.१० | २.८७ |
| २८ | ४.३१ | २.८६ |
| ३२ | ४.४३ | २.७२ |
| ३४ | ४.४५ | २.५९ |

२८ पर्यंत निर्देशांक जवळपास सपाट आहे, म्हणजे प्रत्येक स्ट्रोक तेवढाच दमदार. त्यापुढे तो घसरतो. ३२ वरून ३४ वर जाताना मिनिटाला दोन स्ट्रोक वाढले आणि वेग वाढला फक्त ०.०२ मी./से. एवढी मेहनत वाया गेली. ३४ ला ब चा निर्देशांक अ पेक्षाही खाली आहे आणि वेगही (४.४५ विरुद्ध ४.४६). आज ५०० मीटरला अ आणि ब जवळपास बरोबरीत आहेत, अ केसभर पुढे.

अ ची चाचणीही घेऊ. २८ ला त्यांचा वेग ४.१९ आला असे धरा, निर्देशांक २.६३. ३४ ला २.६२. म्हणजे अ चा निर्देशांक खालपासून वरपर्यंत सपाट आहे, फक्त ठेंगणा आहे. दोन चमू एकाच वेगावर पोहोचले, पण त्यांची अडचण वेगवेगळी आहे. अ ला दर झेपतो, स्ट्रोक कमजोर आहे. ब चा स्ट्रोक चांगला आहे, २८ च्या पुढे तो मोडतो. अ ने निर्देशांक ब च्या २८ च्या पातळीवर नेला तर वेग घनमुळाने, म्हणजे ३ टक्क्यांनी वाढेल. २००० मीटर याच वेगाने कापायचे धरले तर त्यातून १३ सेकंद वाचतात. पण त्यासाठी ताकद वाढवावी लागते आणि ते काम महिन्यांचे आहे. ब ची दुरुस्ती बहुधा तंत्राची असते आणि ती लवकर होऊ शकते. स्पर्धा पुढच्या आठवड्यात असेल तर मी अ पाठवीन. तीन महिने असतील तर ब घेऊन बसेन.

ब चा स्ट्रोक मोडतो म्हणजे नेमके काय होते, हे काठावरून दिसते. प्रत्येक पाते बाहेर निघताना पाण्यात एक छोटा भोवरा सोडते. कमी दराला बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या माणसाचा भोवरा आणि मागच्या टोकाकडच्याचा नवा कॅच यांत किती मोकळे पाणी राहते ते लक्षात ठेवा. दर वाढला की हे अंतर घटेल, पण हिशेबाइतकेच घटले पाहिजे. ते एकदम मिटले तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट घडत असते. घाईत वल्हेकरी पूर्ण पुढे न येताच पाते बुडवतात, त्यामुळे वल्ह्याचा कंस आखूड होतो. किंवा बैठकीवरून झपकन पुढे येऊन पायांनी बोटीला मागे धक्का देतात, आणि कॅचच्या क्षणी बोट अडखळल्यासारखी दिसते.

मोजणीत होणाऱ्या चुका

वरचे सगळे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत लिहिले, पण प्रत्यक्षात ते तेवढे खरे असतीलच असे नाही. सर्वांत साधी चूक मोजण्याची आहे. दहा आवर्तनांचा वेळ घ्यायचा तर पहिल्या कॅचला ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करा आणि ‘दहा’ला थांबवा. पहिल्या कॅचला ‘एक’ म्हटले की ‘दहा’पर्यंत नऊच आवर्तने होतात. १७.६ सेकंदांत खरोखर नऊ आवर्तने झाली असतील तर दर ३०.७ आहे, आणि तुम्ही लिहाल ३४.१. अकरा टक्क्यांची चूक. मी स्वतः एकदा ती करून एका चमूचा d बराच आखूड लिहून ठेवला होता आणि पूर्ण आठवडा त्यांचे तंत्र ‘सुधारत’ होतो.

बरोबर मोजूनही दर साधारण अर्ध्या स्ट्रोकने इकडेतिकडे होतोच. ३६ ला अर्धा स्ट्रोक म्हणजे १.४ टक्के, आणि d मध्ये १२ सेंटिमीटर. पालेमबांगच्या उदाहरणात सुवर्ण आणि रौप्य यांतला फरक आठ सेंटिमीटरचा होता! तेव्हा हातातल्या घड्याळाने मोजलेल्या d वरून असा फरक सांगता येणार नाही. वेळ शर्यतीच्या घड्याळाने मोजलेली असते, म्हणून वेगावर विश्वास ठेवा. d हा वेगातून काढलेला आकडा आहे आणि दराची सगळी चूक त्याच्यात उतरते.

दुसरी अडचण वाहत्या पाण्याची. पुण्याच्या नदीवर सराव करणाऱ्यांना ती रोज येते, तलावावर सराव करणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. प्रवाह ०.२ मी./से. असेल आणि पाण्याच्या संदर्भात बोटीचा वेग ४.४ असेल, तर काठावरून तो प्रवाहाबरोबर ४.६ आणि उलट ४.२ दिसतो. ३२ च्या दराला d मध्ये दोन्हीकडे ३७ सेंटिमीटरची चूक येते. उपाय सोपा आहे. तेच अंतर दोन्ही दिशांना त्याच दराने कापा आणि वेगांची सरासरी घ्या, प्रवाह आपोआप निघून जातो. वेळांची सरासरी घेऊ नका. ५०० मीटरला १०८.७० आणि ११९.०५ सेकंद यांची सरासरी ११३.८७ येते, त्यावरून वेग ४.३९ निघतो, ४.४० नाही. चूक लहान आहे, पण ती नेहमी एकाच दिशेने होते.

वारा मात्र असा सहज निघत नाही, कारण त्याचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने चालतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यात जेवढे हरवते तेवढे पाठीमागच्या वाऱ्यात परत मिळत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा शेजारी ठेवून चमू ताडू नयेत. याच बोटीच्या प्रकारात टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सने २००० मीटर ५ मिनिटे ३२.०३ सेकंदांत कापले. पालेमबांगच्या वेळेपेक्षा ४५ सेकंदांनी कमी. त्यातले किती चमूचे आणि किती वाऱ्याचे, हे नुसत्या दोन वेळांवरून वेगळे करता येत नाही. एकाच शर्यतीतल्या शेजारच्या दोन बोटींची तुलना मात्र करता येते, कारण पाणी आणि वारा दोघींना जवळपास सारखाच असतो.

सरावासाठी

चमू ‘क’ संथ पाण्यात ३० च्या दराने ५०० मीटर १ मिनिट ५४ सेकंदांत कापतो आणि ३६ च्या दराने १ मिनिट ५० सेकंदांत. (१) दोन्ही दरांना d आणि निर्देशांक काढा. (२) ३० ला असलेला जोर ३६ ला टिकला असता तर वेळ किती आली असती? (३) या चमूची अडचण अ सारखी आहे की ब सारखी?

ताळा: d ८.७७ आणि ७.५८ मीटर, निर्देशांक २.८१ आणि २.६१, अपेक्षित वेळ सुमारे १०७.३ सेकंद. तिसऱ्याचे उत्तर देताना ३० आणि ३६ यांच्या मधला निदान एक दर मोजायला मागा. फक्त दोन बिंदूंवरून घसरण कुठे सुरू झाली हे कळत नाही.